गुंड्याचं अर्धं पान

आमच्या घरात मांजर एक आणि साक्षीदार चार. गेल्या वर्षी गुंड्याला उलट्या झाल्या तेव्हा आम्ही सगळे दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर मॅडमनी विचारलं, "खातो का?" मी म्हटलं हो, वर्षा म्हणाली नाही, ओंकार म्हणाला, "माझ्या ताटातलं खातो." आई म्हणाली, "खातो, पण पूर्वीसारखं मन लावून नाही." मॅडमनी पेन खाली ठेवलं. निघताना शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी एकानेच या, आणि अर्धं पान लिहून आणा. आजार काय आहे ते मला कळू द्या, तुम्ही फक्त दिसलं ते लिहा."

ही पुढची वेळ नुकतीच आली. शुक्रवारी रात्री गुंड्या लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या पेटीत, बसून कुंथत होता. बाहेर यायचा, दोन मिनिटं चाटत बसायचा, पुन्हा आत. आमच्याकडे तेव्हा आत्या राहायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा न लावता निदान केलं, "बद्धकोष्ठ. दोन थेंब एरंडेल पाज." आईने मान डोलावली. दोन ज्येष्ठांचं एकमत आमच्या घरात वर्षातून एकदा होतं, त्यामुळे मलाही ते पटलं. एरंडेल टळलं ते केवळ बाटली सापडली नाही म्हणून. दवाखान्याची वेळ शनिवारी संध्याकाळी सहाची मिळाली.

शनिवारी सकाळी मी लिहायला बसलो. पहिला खर्डा दोन पानांचा झाला. त्यात गुंड्या पार्किंगमध्ये कसा सापडला, हे होतं. तो 'उदास' असल्याचं तीनदा होतं. 'बद्धकोष्ठाचा त्रास' ही तर पहिलीच ओळ. वर्षाने वाचून विचारलं, "हे डॉक्टरांसाठी आहे की दिवाळी अंकासाठी?" आणि सगळ्या विशेषणांवर काट मारली. उरलं ते असं: गुंड्या, बोका, नसबंदी झालेली, वय पाच.

वजन माहीत नव्हतं. ते काढायची रीत सोपी आहे: आधी आपण काट्यावर उभं राहायचं, मग मांजर घेऊन, आणि वजाबाकी. गुंड्याचं ५.२ किलो निघालं. माझं किती निघालं ते सांगायची इथे गरज नाही.

मग 'भूक'. आमच्याकडे वाटी रिकामी झाली की जो जवळ असेल तो भरतो, म्हणजे तो किती खातो हे कुणालाच ठाऊक नाही. पाकीट मंगळवारी फोडलेलं, त्यावरून हिशेब केला तर एरवी रोज साठ ग्रॅमच्या आसपास जातं. शुक्रवारी रात्री वर्षाने तीस ग्रॅम मोजून घातले होते, त्यातले वीस सकाळी तसेच. 'नीट खात नाही' असं मी लिहिलं असतं. पण वर्षाने आणखी एक बघितलं होतं: तो वाटीपाशी जातो, वास घेतो, दोन दाणे खातो आणि उठून पुन्हा बॉक्सकडे पळतो. म्हणजे अन्नावरची वासना गेली नव्हती, कुणीतरी मधेच उठवत होतं.

आता शी आणि शू. हे खातं माझ्याकडे आहे. रोज रात्री भजी तळायच्या जुन्या झाऱ्याने मी लिटर उपसतो. (नवा झारा घेतलाय. पाहुण्यांनी घाबरू नये.) आमचं लिटर ओलं झालं की गोळा धरणारं आहे, म्हणून मोजायला सोपं. एरवी दिवसाला तीन गोळे, लिंबाएवढे, आणि एक शी. शुक्रवारी रात्री आत्यांची मालिका चालू असल्यामुळे मी उपसायचं टाळलं होतं. आता कागदावर आकडा हवा, म्हणून उपसायला गेलो.

शी होती. चांगली, लांब, घट्ट, कालचीच. बद्धकोष्ठ तिथेच निकालात निघालं. पण गोळे मोजले तर अकरा! पहिल्यांदा आनंद झाला, भरपूर शू करतोय म्हणून. मग झाऱ्यात नीट बघितलं. अकराच्या अकरा सुपारीएवढे, काही तर वाटाण्याएवढे, आणि दोन गोळ्यांवर गुलाबी झाक. लिंबाएवढा शेवटचा गोळा मी उपसला होता तो गुरुवारी रात्री.

वर्षाने सहाची वाट न बघता दवाखान्यात फोन लावला आणि कागद वाचून दाखवला:

"गुरुवार रात्रीपर्यंत सगळं नेहमीसारखं. शुक्रवार रात्री आठपासून कुंथतो, तासात पाच-सहा वेळा बॉक्समध्ये जातो. शेवटचा मोठा गोळा गुरुवारचा, त्यानंतर अकरा लहान, दोनांत रक्तासारखा रंग. शी काल झाली, नेहमीसारखी. खाणं निम्म्याहून कमी. उलटी नाही. औषध काही दिलेलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "बोका आहे ना? मग आत्ता या."

रिक्षात मी आत्यांचं एरंडेल आठवून गार पडलो. कुंथणं शीचं आणि शूचं लांबून सारखंच दिसतं, आणि पुष्कळ लोक शीचं समजतात. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद. त्यात खडे किंवा चिकट गुठळी अडकली की लघवी आतच तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. दोन-तीन दिवसांचा खेळ. बद्धकोष्ठ समजून संध्याकाळची वाट बघणारे त्यातले काही तास स्वतःच्या हाताने घालवतात.

मॅडमनी पोट चाचपलं. वाट तुंबली असती तर मूत्राशय संत्र्यासारखं टणक लागलं असतं. गुंड्याचं लहान आणि रिकामं होतं, म्हणजे थेंब थेंब का होईना, जात होतं. सोनोग्राफीत खडा दिसला नाही, फक्त मूत्राशयाची भिंत सुजलेली. मग त्यांनी कागद उलटून बघितला आणि विचारलं, "घरात काय बदललं ते लिहिलं नाहीत?"

बदललं काहीच नव्हतं. म्हणजे, दहा दिवसांपूर्वी आत्या आल्या, त्यांची गादी मागच्या खोलीत घातली, आणि तिथला लिटर बॉक्स वॉशिंग मशीनशेजारी सरकवला. गुंड्या आत बसला की मशीन घुसळायला लागतं.

"मग लिहा," मॅडम म्हणाल्या. घरात राहणाऱ्या बोक्यांना निव्वळ ताणानेही मूत्राशयाची सूज येते. वेदनाशामक दिलं, कोरड्याऐवजी ओलं खाणं सांगितलं, आणि दुसरा बॉक्स शांत जागी ठेवायला. आणि बजावलं: गोळे मोजत राहा. कुंथतोय आणि काहीच येत नाही असं दिसलं, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं.

घरी येऊन मी कागदावर शेवटची ओळ लिहिली: 'घरातील बदल: पाहुणे.' आत्यांनी ती वाचली. आता चष्मा लावून. "अरे, पाहुणे काय लिहितोस, नाव लिही की," म्हणाल्या, आणि स्वतःची गादी उचलून हॉलमध्ये नेली. बॉक्स जुन्या जागी गेला.

पुढे त्या साताऱ्याला परतल्या. रोज रात्री साडेनऊला, मालिका संपली की, फोन येतो. माझी चौकशी नाही, आईची नाही.

"आज किती रे?"

"तीन."

"केवढे?"

"लिंबाएवढे, आत्या."

"कागदी की ईडलिंबू?"