लोकेशन नसलेला फोटो खोटा ठरत नाही

«कुठलाही फोटो घ्या, प्रॉपर्टीज उघडा, तो नेमका कुठे काढलाय ते तिथे लिहिलेलं असतं. ते कुणाला बदलता येत नाही. आणि लोकेशन दिसलंच नाही, तर समजून जा की मुद्दाम उडवलंय. म्हणजे फोटो खोटा.» (ग्रुपमध्ये फिरणारा संदेश)

सगळ्यात जास्त घोळ शेवटचं वाक्य घालतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

हा संदेश ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तुमच्यापर्यंत आला, तेच व्हॉट्सअ‍ॅप फोटो पाठवताना त्याचा आकार कमी करतं आणि आतली माहिती काढून टाकतं. त्यात अक्षांश-रेखांश जातात, कॅमेऱ्याचं नाव जातं, फोटो काढल्याची वेळही जाते. यात पाठवणाऱ्याचा हेतू काहीच नसतो. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली नसेल, तर ते मुळात लिहिलंच जात नाही. स्क्रीनशॉटमध्ये ते नसतं, आणि बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांत जीपीएसच नसतं. रिकाम्या रकान्यामागे अशी साधी कारणं इतकी असतात की त्यावरून कुणावर आरोप करणं म्हणजे पत्ता नसलेल्या पाकिटावरून पत्र बनावट ठरवण्यासारखं आहे.

आता लोकेशन असतं तेव्हाचं बोलू. प्रॉपर्टीजची खिडकी त्यातलं थोडंच दाखवते. मी exiftool वापरतो. ते फुकट मिळतं आणि फाइलमधलं जवळपास सगळं बाहेर काढतं.

```
exiftool -a -G1 -s photo.jpg
```

नमुन्यादाखल सिडनीच्या ऑपेरा हाउसजवळची एक नोंद रचून दाखवतो, फक्त कामाच्या ओळी ठेवून:

```
[GPS]     GPSLatitudeRef     : South
[GPS]     GPSLatitude        : 33 deg 51' 24.50"
[GPS]     GPSLongitudeRef    : East
[GPS]     GPSLongitude       : 151 deg 12' 55.00"
[GPS]     GPSTimeStamp       : 02:10:31
[ExifIFD] DateTimeOriginal   : 2024:06:21 13:47:05
[ExifIFD] OffsetTimeOriginal : +10:00
```

नकाशात टाकायला हे दशांशात हवं. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशांत मिळवायचं: ३३ + ०.८५ + ०.००६८. अक्षांश दक्षिण आहे, म्हणून आकड्याच्या आधी उणे चिन्ह लागतं. नकाशात टाकायचा आकडा होतो `-33.8568, 151.2153`. ते उणे चिन्ह विसरलात तर टाचणी ऑस्ट्रेलिया सोडून जपानच्या पूर्वेला प्रशांत महासागरात पडते. फोटो समुद्राच्या मधोमध दाखवतोय म्हणजे छेडछाड झाली, असं छातीठोक सांगणारे मी पाहिलेत. छेडछाड कुणी केलेली नसते, `Ref` ची ओळ वाचायची राहिलेली असते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ३३ अंश ५१ मिनिटं हे सरळ 33.51 असं टाइप करणं. त्याने जागा सुमारे ३८ किलोमीटर सरकते, आणि ही चूक जास्त फसवी आहे, कारण टाचणी त्याच भागात कुठेतरी पडते आणि कुणाला शंका येत नाही.

आता खालच्या तीन ओळी बघा. जीपीएसची वेळ जागतिक वेळेत लिहितात, आणि +10:00 म्हणजे फोनचं घड्याळ तिच्या दहा तास पुढे, म्हणून 02:10:31 ला तिथे दुपारचे १२ वाजून १० मिनिटं झाली होती. फोटो मात्र १:४७ चा आहे. मधे दीड तासाहून जास्त अंतर पडलंय. फोनला उपग्रहांचा सिग्नल मिळाला नाही की काही वेळा तो शेवटची माहीत असलेली जागाच चिकटवून देतो. दीड तासात माणूस शहर ओलांडून जातो. तेव्हा या नोंदीवरून मी एवढंच म्हणेन की १२:१० ला हा फोन ऑपेरा हाउसपाशी होता. लक्षात ठेवा, हा फोन कुठे होता त्याचा आकडा आहे. समोर दिसणारा डोंगर दहा किलोमीटर लांब असू शकतो.

बदलता येत नाही म्हणाल, तर याच exiftool ने एका ओळीत नवे अक्षांश-रेखांश लिहिता येतात. २०१२ च्या डिसेंबरमध्ये बेलीझमधून निसटलेल्या, अँटिव्हायरस कंपनीचा संस्थापक असलेल्या जॉन मॅकॅफीचा आयफोनवर काढलेला फोटो व्हाइस मासिकाने प्रसिद्ध केला, आणि त्यातले अक्षांश-रेखांश ग्वातेमालातले निघाले. ते आकडे मीच मुद्दाम बदलले होते, असं त्याने आधी ठोकून दिलं. नंतर ग्वातेमालात असल्याचं कबूलही केलं. आकडे खरे होते, पण नुसत्या फाइलकडे बघून दोन्ही शक्य वाटत होतं.

मग लोकेशन नसेल तेव्हा काय करायचं? आधी मूळ फाइल मागा. फोटो ज्याने काढला त्याला तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसा पाठवला की आतली माहिती शाबूत राहते. `IMG-20240621-WA0007.jpg` अशा नावाची फाइल आली, तर ती मूळ नव्हे. त्या नावातली तारीखही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या देवाणघेवाणीची आहे, फोटो काढल्याची नव्हे.

मूळ फाइलमध्येही जीपीएस नसेल, तर `OffsetTimeOriginal` बघा. लोकेशन बंद असलं तरी बरेच नवे फोन ही ओळ लिहितात. +05:45 दिसलं की डोळ्यांसमोर नेपाळ यावा, कारण हा फरक त्याच देशाचा आहे. +05:30 भारताचा आणि श्रीलंकेचाही. सिडनीत हिवाळ्यात +10:00 असतं, उन्हाळ्यात +11:00. ही वेळ फोनच्या घड्याळाची आहे, ते हाताने बदललेलं असू शकतं, त्यामुळे तिला पुरावा न म्हणता खूण म्हणा.

तेही नसेल तर फोटोतच बघायचं: पाट्यांवरची लिपी, गाड्या कुठल्या बाजूने चालल्यात, आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, सावली. समजा, कुणी म्हणतो की फोटो सिडनीचा आहे, २१ जूनचा. वेळ माहीत नाही. त्या दिवशी तिथे सूर्य भर दुपारी जास्तीत जास्त ३२.७ अंश वर येतो, म्हणजे सपाट जमिनीवर सावली उंचीच्या दीडपटीहून लहान होतच नाही. १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली त्या दिवशी कधीही पाहिली तरी निदान २.६ मीटर असायला हवी. फोटोत ती पायाशी गोळा झालेली दिसली, तर जागा किंवा तारीख यांपैकी एक चूक आहे. जागा खरी असून फोटो डिसेंबरचा असू शकतो: २१ डिसेंबरला तिथे सूर्य जवळपास ८० अंशांवर चढतो आणि त्याच माणसाची सावली जेमतेम ३० सेंटिमीटर उरते.

उलट, सावली लांब दिसली म्हणून सिडनी सिद्ध होत नाही. सकाळी आणि संध्याकाळी ती सगळीकडेच लांब असते. वेळ आणि तारीख दोन्ही पक्क्या असल्या तरी सावली मोजताना सूर्याच्या उंचीत एका अंशाची चूक झाली, तर भर दुपारच्या हिशोबात अक्षांश १११ किलोमीटरने चुकतो, आणि तिरक्या कोनातून काढलेल्या फोटोत एवढी चूक व्हायला काहीच लागत नाही. म्हणून सावलीवरून मी फक्त ‘इथला नाही’ किंवा ‘त्या दिवसाचा नाही’ एवढंच लिहितो.