दिवाळी पहाटच्या त्या व्हायरल स्क्रीनशॉटचा हिशोब चुकलाय, कुठे ते सांगतो

स्क्रीनशॉटसोबत फिरतोय तो फॉरवर्ड असा: "दिवाळी पहाटच्या तिकीटविक्रीचा डॅशबोर्ड लीक झालाय, बघा. किंमत गुणिले विक्री करा, ५ लाख ४४ हजार ७०० रुपये सरळ आयोजकांच्या खिशात. प्रत्येक प्रकारातली शिल्लक जोडा, १७८ खुर्च्या रिकाम्या, तरी दारावर हाऊसफुल्लचा बोर्ड! वर म्हणे कार्यक्रम जेमतेम निघाला. जास्तीत जास्त फॉरवर्ड करा."

हा कार्यक्रम करणाऱ्या मंडळात मी तिकिटांचं बघतो, पुण्यातलं छोटं मंडळ आहे, पगारी कोणी नाही. स्क्रीनशॉट खरा आहे, आमच्यातल्याच कोणीतरी काढलाय, ते जाऊ दे. फिरतोय तो तुकडा असा आहे, वरची पट्टी कापलेली:

```
Type         Price   Sold      Gross
VIP          1,180   132/150   1,32,160
Gold           708   290/350   2,01,780
Early Bird     499   120/120     59,880
Couple Pass  1,298    40/60      51,920
Balcony        399   180/260     71,820
```

सुरुवात साडेपाच लाखापासून करू. फॉरवर्डवाल्याने दुसरा कॉलम तिसऱ्याने गुणला, पाच ओळींची बेरीज मारली आणि मोकळा झाला, पण अहो चौथा कॉलम तिथेच आहे की! `Gross` म्हणजे प्रत्यक्ष जमा झालेले पैसे, त्याची बेरीज ५,१७,५६० येते. म्हणजे २७,१४० रुपयांचा फरक त्याच फोटोत दिसतोय, फक्त कोणी बघितला नाही. किंमतीच्या कॉलममध्ये काय असतं तर आत्ता लावलेली किंमत. लोकांनी प्रत्यक्ष किती दिले ते तिथे नसतंच, मध्ये कूपन चाललं असेल, फुकट पास काढले असतील, किंमत बदलली असेल, त्या कॉलमला काहीच माहीत नसतं.

आता ओळीओळीने गुणाकार आणि `Gross` शेजारी ठेवून बघा. अर्ली बर्ड, कपल पास, बाल्कनी तिन्ही रुपयासकट जुळतात. व्हीआयपीला १३२ गुणिले १,१८० म्हणजे १,५५,७६० यायला हवे, दिसतात १,३२,१६०. फरक २३,६००, आणि हे बरोब्बर २० तिकिटांचे पैसे आहेत. असा पूर्ण पटीत फरक आला की पहिला संशय फुकट पासांचा घ्यायचा, आणि इथे तसंच आहे, शून्य रुपयाने काढलेले २० पास `Sold` मध्ये मोजले गेलेत. हे आमचं चुकलं, ते सरळ कबूल. फुकट पासांसाठी वेगळा प्रकार करायला हवा होता, पण घाईत व्हीआयपीतूनच काढले गेले.

गोल्डमध्ये मात्र फोटोवरून खात्रीने काही सांगता येत नाही, आणि मला वाटतं हेच जास्त महत्त्वाचं आहे. फरक ३,५४० रुपये. ७०८ ने भागलं तर ५ येतात, मग पाच फुकट पास? की पन्नास जणांना १० टक्के सूट? दोन्हीचा आकडा एकच येतो! मला आतून माहितीये म्हणून सांगतो, सभासदांना १० टक्क्यांचं कूपन दिलं होतं आणि ते बरोबर पन्नास जणांनी वापरलं. पण नुसता फोटो बघून कोणी छातीठोकपणे "पाच जण फुकट गेले" म्हणाला तर तो अंदाजाने बोलतोय असं समजा.

दुसरं, खिशात जाण्याचं. त्या किंमती करासकट आहेत. गाण्याच्या किंवा नाटकाच्या कार्यक्रमाचं तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी नाही, त्याच्यावर गेलं की १८ टक्के, आणि तो नुसत्या वरच्या तुकड्यावर नाही तर पूर्ण रकमेवर. म्हणून तर अर्ली बर्ड ४९९ ला ठेवलं होतं, लोकांना वाटतं ही बाटाच्या चपलेसारखी किंमत आहे, पण त्यामागे हे कारण आहे.

म्हणजे कर प्रत्येक प्रकाराचा वेगळा काढावा लागतो, सगळ्या बेरजेवर एकदम नाही. आणि १८ टक्के वजा करायचे नसतात, १.१८ ने भागायचं असतं, इथे शिकलेली माणसंसुद्धा गडबडतात. व्हीआयपीचे १,३२,१६० भागिले १.१८ म्हणजे १,१२,०००. गोल्डचे १,७१,०००. सूट दिलेल्या गोल्ड तिकिटाची मूळ किंमत ५४० पडते, म्हणजे ५०० च्या वरच, त्यामुळे त्यालाही कर लागतो. कपल पासचे ४४,०००, कारण १,२९८ मधून कर काढला की १,१०० राहतात, माणशी ५५०. अर्ली बर्ड आणि बाल्कनी आहे तशी. सगळं मिळून ४,५८,७००. मधले ५८,८६० सरकारचे, ते आमच्या खात्यातून फक्त पास होतात. (आयोजकाची जीएसटी नोंदणीच नसेल तर हा भाग लागू होत नाही, आमची आहे.)

एक उलटी चूकही कमेंटमध्ये दिसली, कोणीतरी कन्व्हिनियन्स फी पण आमच्या कमाईत धरली होती. ती ग्राहक तिकिटाच्या वर देतो आणि प्लॅटफॉर्म ठेवतो, त्या `Gross` मध्ये ती आलेलीच नाही. प्लॅटफॉर्मचं कमिशन मात्र या ४,५८,७०० मधून अजून जायचंय. हॉलचं भाडं, साऊंड, कलाकारांचं मानधन हे कुठल्याच तिकीट डॅशबोर्डवर नसतं, त्यामुळे नफा का तोटा ते या फोटोवरून कोणालाच सांगता येणार नाही, मग तो आमच्या बाजूचा असो की विरोधातला.

आता १७८ खुर्च्या. याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण पैशाची चूक निदान त्याच फोटोतून पकडता येते, खुर्च्यांची सहज दिसत नाही.

तिरक्या रेघेनंतरचा आकडा, ते १५०, ३५०, १२०, म्हणजे खुर्च्या नव्हेत. तो त्या प्रकाराची विक्रीमर्यादा आहे, आम्हीच टाकलेली. व्हीआयपीत आणि बाल्कनीत मर्यादा आणि खुर्च्या सारख्याच आहेत, पण गोल्ड, अर्ली बर्ड आणि कपल पास हे तिन्ही खालच्या मधल्या भागातल्या त्याच ५०० खुर्च्यांवर बसतात. नळ तीन, टाकी एकच. मर्यादा मुद्दाम सैल ठेवतात, कारण कपल पास जास्त जातील की साधी गोल्ड हे आधी कळत नाही, ज्याला मागणी येईल ते विकलं जातं आणि टाकी रिकामी झाली की तिन्ही नळ एकदम बंद.

हे बाहेरच्या माणसाला कसं कळणार? सगळ्या मर्यादांची बेरीज करा, ९४० येते. कपल पासवर दोन माणसं बसतात म्हणून अजून ६० धरा, झाले १,०००. हॉल आहे ९१० खुर्च्यांचा, आणि हॉलची क्षमता काही गुपित नसते, बुकिंगच्या पानावर खुर्च्यांचा नकाशा असतो, मोजता येतो. मर्यादांची बेरीज हॉलपेक्षा मोठी आली की समजायचं कुठेतरी एकच खुर्ची दोनदा मोजली जातेय, आणि मग "मर्यादा वजा विक्री" ही बेरीज बादच.

बरोबर हिशोब भागाप्रमाणे करायचा. मधल्या भागात गोल्ड २९०, अर्ली बर्ड १२०, कपल पास ४० म्हणजे ८० माणसं, एकूण ४९०. पाचशेतून उरल्या १०. फॉरवर्डमध्ये गोल्डच्या ६० आणि कपलच्या २० अशा ८० शिल्लक धरल्यात, जिथे प्रत्यक्षात दहा आहेत! आणि त्या दहाही इकडेतिकडे सुटलेल्या, दोन शेजारी-शेजारी मिळाल्या तरच कपल पास विकला जाणार, म्हणजे फार तर पाच. तरी स्क्रीनवर शेवटपर्यंत ४०/६० असंच दिसत राहिलं, आमचे अध्यक्ष पण दोनदा फोन करून "अहो वीस जोड्या आहेत ना अजून" म्हणून विचारत होते.

व्हीआयपीत १८, बाल्कनीत ८०, मध्ये १०, म्हणजे १०८. पण याही सगळ्या ऑनलाईन विकायच्या नव्हत्या. बाल्कनीतल्या ५० हॉलच्या खिडकीसाठी राखून ठेवलेल्या, कारण आपल्याकडे अजून बरेच आजी-आजोबा खिडकीवर जाऊन, नकाशा बघून, दोनदा विचारून तिकीट काढतात. आणि व्हीआयपीतल्या १० प्रायोजकांच्या. कापलेल्या पट्टीवर हे सगळं होतं: `Issued 802`, `On hold 60`, `Available 48`. तिघांची बेरीज ९१०. कुठलाही डॅशबोर्ड वाचताना ही बेरीज हॉलशी जुळते का ते आधी बघावं, नाही जुळली तर काही प्रणालींमध्ये राखीव खुर्च्या मर्यादेतूनच वगळलेल्या असतात, मग त्या परत वजा करायच्या नाहीत. आणि हो, टेबलातल्या `Sold` ची बेरीज ७६२ येते आणि पट्टीवर ८०२ का, तर ते चाळीस म्हणजे कपल पासवरची दुसरी माणसं.

राहिला बोर्ड. स्क्रीनशॉट गुरुवारी रात्रीचा आहे, फोटोत फोनचं घड्याळ ११:४२ दाखवतंय पण तारीख नाही, आणि कार्यक्रम झाला सोमवारी पहाटे. मधले तीन दिवस विक्री चालू होती. ऑनलाईनच्या ४८ शनिवारी संध्याकाळी संपल्या, खिडकीवरच्या ५० रविवारी, प्रायोजकांनी त्यांच्या दहा घेतल्या, त्यानंतर बोर्ड लागला.

आता "आम्ही तिथे होतो, रिकाम्या खुर्च्या डोळ्यांनी बघितल्या" असंही काही जण लिहितायत, आणि ते खोटं बोलत नाहीयेत. ९१० तिकिटं गेली होती, दारावर स्कॅन झाली ८७१. पहाटे साडेपाचचा कार्यक्रम, ३९ जण उठलेच नसतील, आणि त्यातले ११ आमच्याच त्या वीस फुकट पासांमधले होते.