रूट्स कसेही जोडून आयसोमॉर्फिझम होत नाही, एकेक रूट पुढे न्यावा लागतो

"एकाच पॉलिनॉमियलची दोन स्प्लिटिंग फील्ड्स आयसोमॉर्फिक असतात, यात सिद्ध करायला आहेच काय? रूट्स दोन्हीकडे तेच, डिग्री पण तीच. इकडचे रूट्स तिकडच्या रूट्सना कसेही जोडा, झालं. दोन ओळींत लिहा, पुढच्या प्रश्नाला लागा."

एमएस्सीच्या पोरांच्या ग्रुप्सवर हा मेसेज परीक्षा आली की फिरतोच, आणि जळगावला माझ्याकडे गणिताला येणारी निम्मी पोरं तो पाठ करूनच येतात, म्हणून एकदा नीट लिहितोय.

"रूट्स तेच" इथूनच गडबड आहे. Q वर x⁴ − 2 घ्या. एक स्प्लिटिंग फील्ड K कॉम्प्लेक्स नंबर्समधलं, तिथे α म्हणजे 2 चं पॉझिटिव्ह चौथं मूळ, आणि रूट्स α, −α, iα, −iα. दुसरं L आपण कागदावर बनवलं: Q[t]/(t⁴ − 2) मध्ये t चा क्लास β, मग त्यावर γ² = −β² असा γ जोडला, रूट्स β, −β, γ, −γ. आता α हा एक नंबर आणि β हा पॉलिनॉमियल्सचा एक क्लास, दोघं एका फील्डमध्ये बसलेलेच नाहीत तर "तेच" म्हणायचं कशाच्या जोरावर? हेच तर सिद्ध करायचंय.

डिग्रीचं तर लगेच निपटतं. Q(√2) आणि Q(√3), दोन्हींची डिग्री 2, पण आयसोमॉर्फिक नाहीत, कारण √2 जिथे जाईल त्याचा वर्ग 2 यायला पाहिजे, आणि (a + b√3)² = 2 धरलं की 2ab = 0 येतं, मग a² = 2 नाहीतर 3b² = 2, आणि रॅशनलमध्ये दोन्ही होत नाही.

आता "कसेही जोडा". चोपड्याच्या एका पोराने परवा माझ्यासमोर पाटीवर α → β आणि −α → γ असं जोडलं. मी म्हटलं, भो, α आणि −α ची बेरीज किती? शून्य म्हणाला. मग β + γ पण शून्य पाहिजे, म्हणजे γ = −β, पण ते तर वेगळे रूट्स आहेत. पोरगं गप्प झालं आणि स्वतःच खोडरबर शोधायला लागलं. चार रूट्स चार रूट्सना जोडायच्या रीती 24, त्यातल्या फक्त 8 चालतात, आणि त्या 8 कुठून येतात तेच खरं प्रूफ आहे.

पहिला रूट: α चं मिनिमल पॉलिनॉमियल x⁴ − 2, आयझेनस्टाइनने इर्रेड्युसिबल, म्हणून Q(α) हे Q[x]/(x⁴ − 2) सारखंच, आणि L मधला कुठलाही रूट घेतला तरी तेच, म्हणजे α ला चारपैकी कुठेही पाठवता येतं. आपण β वर पाठवला, मॅप σ म्हणू. आता Q(α) वर x⁴ − 2 फुटतं ते (x − α)(x + α)(x² + α²) असं. −α ला काही चॉइस राहिला नाही, तो −β वरच जाणार. उरला x² + α², तो Q(α) वर इर्रेड्युसिबल का, तर Q(α) सगळं रिअल आहे आणि iα रिअल नाही. पण Q(β) मध्ये "रिअल" असं काही दिसत नाही, तो नुसता क्लासेसचा ढीग, तरी x² + β² तिथे इर्रेड्युसिबलच, कारण तो फुटला असता तर σ उलटा लावून x² + α² पण फुटला असता. मग iα ला γ किंवा −γ, दोन चॉइस. 4 × 2 = 8.

पोरं अडकतात ती दुसऱ्या स्टेपला. लेमा "F वर आयडेंटिटी" असाच पाठ केलेला असतो, आणि दुसऱ्या स्टेपला खाली Q(α) आणि Q(β) अशी दोन वेगळी फील्ड्स येतात, मग तो लेमा लागतच नाही. म्हणून तो सुरुवातीपासून असाच लिहायचा: σ: F → F′ आयसोमॉर्फिझम, p हा F वर इर्रेड्युसिबल, a त्याचा रूट, आणि b हा σ ने बदललेल्या p चा रूट, तर σ वाढवून a ला b वर नेता येतो. p आपल्या मूळ पॉलिनॉमियल f चा फॅक्टर असतो, आणि समोरच्या फील्डमध्ये बदललेला f पूर्ण फुटतो म्हणूनच तिथे b सापडतो, "स्प्लिटिंग" शब्द वापरला जातो तो इथे.

शेवटी सगळे रूट्स संपले की मॅपचं डोमेन पूर्ण K. एक-एक तो आहेच, फील्डचा होमोमॉर्फिझम आहे. ऑनटू का, तर K मधली f ची फोड मॅपने L मध्ये जशीच्या तशी उतरते, म्हणून L मधले सगळे रूट्स इमेजमध्ये येतात, आणि L त्या रूट्सनीच बनलेलं आहे. ही ओळ बहुतेक उत्तरपत्रिकांत नसते, आणि मी तिचा मार्क कापतो.