संस्कृतमध्ये शिवी नाही म्हणणाऱ्यांसाठी, पंचवटीतून

"संस्कृतमध्ये शिवीच नाही. रामायणात शत्रूशीसुद्धा आदराने बोलायचे. हल्लीचे अनुवादकच घाणेरडे शब्द घुसवतात."

शिवीचं आधी बघू. पाणिनीने अष्टाध्यायीत शिवीसाठी वेगळं सूत्र केलंय, "षष्ठ्या आक्रोशे" (६.३.२१). समास करताना एरवी मधली विभक्ती गळते, पण कुणाला शिव्या घालताना ती तशीच राहते. पुढच्याच सूत्रात पुत्र शब्दासाठी सूट आहे, त्यामुळे शिवी म्हणून "दास्याःपुत्र" पण चालतं आणि "दासीपुत्र" पण चालतं. आता लोक शिव्या देतच नसतील तर व्याकरणकाराला हे सूत्र करायची गरजच काय पडली?

आता आदर. आम्ही पंचवटीत राहतो, सीतागुंफेसमोरची रांग रोज बघतो, म्हणून इथलाच प्रसंग घेतो, अरण्यकांडातला. मारीचाची हाक ऐकूनही लक्ष्मण जागचा हलत नाही तेव्हा सीता त्याला काय म्हणते? अनार्य, नृशंस, कुलपांसन. पांसु म्हणजे धूळ, म्हणजे घराण्यावर माती उडवणारा, आणि हे शत्रूला नाही, आपल्याच दिराला. मराठीत सरळ "घराण्याला काळं फासलंस" म्हटलं की काम होतं, पण बऱ्याच ठिकाणी "हे कुलकलंका" असं छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला काही लागतच नाही, कारण असं संबोधन आपण फक्त नाटकात ऐकलेलं असतं.

पुढे रावण येतो, संन्यासी बनून. सीता आधी त्याचं नीट आतिथ्य करते, नाव-गोत्र विचारते, आणि तो खरं बोलला की त्याच्यावर तुटून पडते. संस्कृतमध्ये ती आधीही "त्वम्" म्हणते आणि नंतरही. मराठीत मात्र अनुवादकाला ठरवावंच लागतं, कारण दारात आलेल्या साधूला आपण तू म्हणत नाही. मी आधी "महाराज, तुम्ही कुठले" ठेवते आणि तो लंकेचा राजा म्हणून उघडा पडला की त्याच वाक्यापासून अरेतुरेवर येते. एकही वाईट शब्द न वापरता निम्मी शिवी तिथेच होते बघा.

मग सीता म्हणते, डोळा सुईने पुसतोयस, वस्तरा जिभेने चाटतोयस, गळ्यात धोंडा बांधून समुद्र तरायला निघालायस. आणि त्यानंतर ते "यदन्तरं... तदन्तरं" वाले श्लोक. सिंह आणि कोल्हा, समुद्र आणि ओहोळ, सोनं आणि शिसं, चंदनाचं पाणी आणि चिखल, गरुड आणि कावळा, मोर आणि मद्गु, आणि दर श्लोकाच्या शेवटी तोच घाव, तेवढंच अंतर रामात आणि तुझ्यात. प्रत्येक जोडी एकाच जातीतली आहे हे लक्षात घ्या, दोन्ही धातू, दोन्ही पक्षी. तू पण राजाच आहेस, पण कसला, असं ती म्हणतेय. मद्गुला नुसतं "एक जलपक्षी" लिहिलं की सगळं गेलं. पाणकावळा लिहा ना! नांदूरमध्यमेश्वरला पंख पसरून वाळत बसलेला काळाकुट्ट पाणकावळा ज्याने बघितलाय त्याला मोराशेजारी तो कसा दिसेल हे सांगावं लागत नाही.

सगळ्यात जास्त गडबड "सुराग्र्य" आणि "सौवीरक" या जोडीत होते. सौवीरक म्हणजे आंबवलेली कांजी. सुराग्र्य फोडला तर सुरा+अग्र्य, उत्तम मद्य, किंवा सुर+अग्र्य, देवांचं श्रेष्ठ ते, म्हणजे अमृत. बरीच भाषांतरं अमृत घेतात, व्याकरणात ते बसतंही. पण बाकीच्या जोड्या बघता मला मद्यच पटतं, कारण दोन्ही आंबवलेलीच पेयं, एक मुरलेलं आणि एक आंबट. रामाची तुलना दारूशी नको म्हणून अमृत घेतलं की अपमानाचा नेम चुकतो.

उरला घाणेरड्या शब्दांचा आरोप. यात थोडं तथ्य आहे, रावणाच्या तोंडावर आजच्या आईबहिणीवरच्या शिव्या फेकणं मलाही चूकच वाटतं, कारण सीतेचा सगळा मारा कूळ आणि लायकी यांच्यावर आहे. पण मला जी भाषांतरं भेटतात त्यात गुळमुळीत केलेलीच जास्त. माझा पहिला खर्डा आजीला वाचून दाखवला, "हे नराधमा, तुझ्यात आणि श्रीरामांत महदंतर आहे," ती गवार मोडत राहिली. दुसऱ्यांदा वाचलं, "सोनं कुठं, शिसं कुठं, मोर कुठं, पाणकावळा कुठं, तसा राम कुठं अन् तू कुठं रे." आजीचा हात थांबला आणि म्हणाली, "मेल्याची चांगली जिरवली."