ताट वाढलंय

विषय विन्यानेच काढला, चहा यायच्या आत. "रोज साडेआठला जेवायला बसतो आणि हिचा डावा हात फोनवर. मी बोलतो ते भिंतीला."

"हिसकावून घे!" नाना गरजले. नानांकडे कुठल्याही दुखण्यावर हिसकावणं आणि फेकणं हे दोनच उपाय. मागे विन्याने कॅरमचा स्ट्रायकर हरवला होता, तेही त्यांनी लगेच उकरून काढलं.

शर्वरी जोडप्यांचं समुपदेशन करते. तिने विचारलं, "काल काय म्हणालास? शब्दन् शब्द सांग."

"म्हटलं, तू सारखी फोनमध्ये असतेस, तुला माझी पडलेलीच नाही."

"आणि ती म्हणाली, 'तू मॅच बघतोस तेव्हा?'"

विन्या गप्प.

"उलटा हिशेब आला की समजायचं, सुरुवात आरोपाने झाली. 'सारखी' म्हटलंस की ती एक अपवाद शोधणार आणि भांडण त्या अपवादावरच होणार. जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी नवविवाहित जोडप्यांचे वाद तपासून १९९९ साली हेच मांडलं: पहिल्या तीन मिनिटांतल्या सुरावरून संसाराच्या पुढच्या वाटेचा अंदाज येतो."

"मग बोलू काय?"

"जेवताना काहीच नको. दोघं निवांत असाल तेव्हा एकच प्रसंग सांग. 'परवा मी आईच्या रिपोर्टचं सांगत होतो, तू मेसेज वाचत होतीस. मला फार एकटं वाटलं.' मग विचार, त्या वेळी फोनवर काय येत असतं? आणि ती सांगेपर्यंत थांब."

"ते ठाऊक आहे. शाळेच्या ग्रुपवर पालक साडेआठलाच सुरू होतात."

"अरे, मग नऊला जेवा की! बाईंना पालकांना उत्तरं द्यावीच लागतात. अर्ध्या तासाने तुझं काय बिघडतंय?"

"सासूबाईंचा फोन आला तर? त्यांची तब्येत…"

"तो वाजू दे. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून निवडक नंबर चालू ठेवता येतात. मागणी मोजता येईल अशी कर: जेवणाची वीस मिनिटं, दोघांचेही फोन फ्रिजवर. टेबलावर पालथे नकोत, थरथरले की नजर जातेच. आणि तुझा फोन आधी ठेव, मग तिला सांग."

"चार दिवसांनी विसरली तर?"

"विसरणारच, सवय आहे ती. तेव्हा 'सांगितलं होतं ना' म्हणालास की सगळं मुसळ केरात. 'तुझाही ठेवू का फ्रिजवर?' एवढंच विचार."

"एवढी मनधरणी?" नाना फोनवर अंगठा सरकवत म्हणाले. "आमच्या वेळी…"

तेवढ्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला. "अहो, ताट वाढलंय! तिसऱ्यांदा सांगतेय!"

नाना उठले, नजर अजून स्क्रीनवरच. विन्याने अलगद हात पुढे केला. "नाना, हिसकावू का?"

टपरीवाल्याच्या हातातला चहा सांडला. नानांनी जाता जाता स्ट्रायकरचे पैसे मागितले.