रडणाऱ्या बाळाला उशिरा उचललं म्हणून पुढे त्याचा संसार बिघडत नाही

"बाळ रडलं की आईने लगेच उचललं नाही तर ते मोठेपणी जोडीदारापासून लांब पळतं. मूल आजीकडे टाकून कामावर जाणाऱ्या आयांची मुलं अशीच निघतात. आई गेली तरी न रडणारं मूल मात्र मनाने खंबीर असतं. पहिल्या दोन वर्षांत जे घडलं ते आयुष्यभर पुसलं जात नाही. प्रत्येक आईपर्यंत पोचवा."

सोलापुरातल्या कुटुंबांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मजकुराला एक खरा आधार आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडलं की बाळ घाबरलं, दमलं, आजारी पडलं की ओळखीच्या मोठ्या माणसाला बिलगतं आणि धीर आला की पुन्हा खेळायला लांब जातं. हे शेकडो वेळा घडून बाळाची एक अपेक्षा तयार होते: अडचणीत हाक मारली तर कुणी येतं की नाही? या अपेक्षेतून वागण्याची जी पद्धत बनते तिला अटॅचमेंट स्टाईल म्हणतात. इथपर्यंत बरोबर, पुढे मजकूर घसरतो.

आधी 'खंबीर' मुलाचं पाहू, कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे. बोल्बी यांच्यासोबत काम केलेल्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षाच्या मुलांसाठी एक चाचणी बसवली. खोलीत खेळणी, आई आणि एक अनोळखी बाई. आठ टप्पे, बहुतेक तीन-तीन मिनिटांचे. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते. मूल किती रडलं याला फारसं महत्त्व नाही. निरीक्षक पाहतात ते आई परत आल्यावर काय होतं ते. सुरक्षित मूल रडलेलं असो वा नसो, आईकडे जातं, शांत होतं आणि थोड्या वेळात खेळण्याकडे वळतं. धास्तावलेलं मूल हात वर करतं, पण उचललं की अंग ताणून पाय झाडतं, समजूत निघता निघत नाही. टाळणारं मूल आईकडे बघतच नाही, गाडी फिरवत बसतं. १९७७ मध्ये स्रूफ आणि वॉटर्स या संशोधकांनी दाखवलं की अशा वरून शांत दिसणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोकेही आई जाताना वाढतात. म्हणजे भीती असते, ती दाखवून उपयोग नाही एवढं ते शिकलेलं असतं.

पण म्हणून घरच्या उंबऱ्यावर ही परीक्षा घेऊ नका. काकू, आजी, शेजारीण अशा चार मांड्यांवर वाढलेलं मूल आई बाजारात गेली तर रडत नाही, कारण त्यात त्याला घाबरण्यासारखं काही वाटत नाही. पाहायचंच असेल तर ते पडल्यावर, ताप आल्यावर कुणाकडे जातं आणि तिथे शांत होतं का, ते पाहा. तेही एकदा पाहून शिक्का मारू नका.

आता उचलण्याविषयी. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसली आहे, बोटं तंबाखूने माखली आहेत आणि सात महिन्यांचं बाळ रडायला लागतं. ती तिथूनच म्हणते, "आले रे राजा, आले," हातातली विडी बांधते, हात साबणाने धुते आणि मग उचलते. यात दोन-चार मिनिटं जातात. हात न धुता तसंच उचलण्यापेक्षा हे केव्हाही बरं, आणि बाळाला तोवर आवाज मिळालेलाच असतो. मानसशास्त्रज्ञ एड ट्रॉनिक यांनी आई-बाळांचं समोरासमोरचं खेळणं बारकाईने तपासलं तेव्हा दोघांचा सूर जेमतेम एक तृतीयांश वेळ जुळलेला आढळला. उरलेला वेळ सूर सुटण्यात आणि पुन्हा जुळवण्यात जातो. त्रास होतो तो महिनोन्‌महिने कुणी येतच नाही तेव्हा, किंवा त्याच रडण्याला कधी पापा आणि कधी धपाटा मिळतो तेव्हा.

आजीचा मुद्दा लवकर निपटतो. मूल एकापेक्षा जास्त माणसांशी घट्ट जोडलं जातं, आणि आईशी, बापाशी, आजीशी असलेलं त्याचं नातं वेगवेगळ्या प्रकारचं असू शकतं. अमेरिकेत हजारावर मुलांच्या अभ्यासात, १९९७ मध्ये, निव्वळ दुसऱ्याकडे ठेवल्यामुळे मुलं असुरक्षित झालेली दिसली नाहीत. धोका वाढला तो आईचं मुलाच्या खुणांकडे लक्ष कमी आणि बाहेरचा सांभाळही निकृष्ट, असं एकत्र आलं तिथे. आपल्याकडची खरी चूक वेगळीच आहे: मूल रडेल म्हणून डोळा चुकवून सटकणं. त्याने मूल सावध होतं, आई दिसली की पदर सोडत नाही. रोज तेच एक वाक्य बोलून, सांगून जा, रडलं तरी चालेल. आणि परत आल्यावर फोन हातात घेण्याआधी पाच मिनिटं त्याच्याजवळ टेका.

मोठ्यांच्या नात्यांकडे हा विचार १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी नेला. आज संशोधक मोठ्यांचे कप्पे कमी पाडतात आणि दोन पट्ट्यांवर मोजतात: सोडून जाण्याची धास्ती किती, आणि जवळीक नकोशी किती. दोन्ही कमी असणं म्हणजे सुरक्षित.

समजा नवरा पुण्यात नोकरीला, बायको सोलापुरात विजापूर रोडला, आणि तो शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसने येतो. बुधवारी रात्री ती म्हणते, "आज फार एकटं वाटतंय." तो म्हणतो, "नंतर बोलू." ती सहा वेळा फोन लावते, तो फोन सायलेंटवर टाकतो. ती लिहिते, "तुम्हाला माझी गरजच नाही." तो ठरवतो, या शनिवारी नकोच. तिला शांत व्हायला जवळीक लागते, त्याला अंतर लागतं, आणि एकाचा उपाय हीच दुसऱ्यासाठी धोक्याची घंटा ठरते.

इथे सुरुवात त्याने करायची. नुसतं "नंतर" नाही, वेळ सांगायची: "आत्ता डोकं चालत नाहीये, साडेनऊला करतो." आणि साडेनऊलाच करायचा. तिने तोवर एकच मेसेज टाकायचा, आरोप न करता, काय हवंय ते: "दहा मिनिटं नुसतं बोला." त्या दहा मिनिटांत सासूचा, पैशांचा विषय नको. हे फसतं ते दोन ठिकाणी. तो दोनदा वेळ चुकवतो, मग शब्द न देण्यापेक्षाही वाईट होतं; किंवा ती त्याच फोनवर आठवड्याचा हिशेब काढते. शिवाय बारा तासांच्या ड्यूटीनंतर फोन न उचलणारा माणूस 'टाळणारा' नसून दमलेला असू शकतो. फरक कळतो तो असा: मोकळा वेळ असतानाही, नेमकं तिने मन मोकळं केल्यावरच तो मागे सरतो का?

राहिलं न पुसलं जाणं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तर लहानपणची सुरक्षितता आणि नंतरची सुरक्षितता यांतला सहसंबंध सुमारे ०.४ येतो, जिथे शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण जुळणी, आणि मधली वर्षं वाढली की तो आणखी क्षीण होतो. गटाबद्दल बोलायला तो पुरेसा आहे, तुमच्या भाच्याचं लग्न टिकेल का हे सांगायला नाही. भरवशाचा जोडीदार किंवा चांगलं समुपदेशन मिळालं तर माणसं सुरक्षिततेकडे सरकतात. मृत्यू, घटस्फोट, दगा यांनी उलटही होतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या बाहेरची. मारहाण, धमक्या, पैसे आणि फोन काढून घेणं याला 'त्याची स्टाईलच तशी' म्हणू नये. तिथे दहा मिनिटांच्या फोनचे प्रयोग करत बसू नका. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाईन आहे.