टोल्डम कोण?

बँकेत 31 वर्षं मी इंग्रजीत पत्रव्यवहार केला. 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' झोपेतसुद्धा लिहू शकतो. त्यामुळे निवृत्तीनंतर अमेरिकन पोलिसांची मालिका लावली तेव्हा सबटायटल्स बंद करून बसलो. सौभाग्यवती शेजारी शेंगा सोलत होत्या, त्यांच्यापुढे खाली वाचत बसणं बरं दिसत नव्हतं.

पहिल्याच भागात इन्स्पेक्टर वैतागून म्हणाला, "आयडा टोल्डम, बडी वझन्गना लिसन." मी बायकोला अर्थ सांगितला, "टोल्डम नावाचा माणूस आहे. याचा बडी, म्हणजे मित्र. तो ऐकत नाही."

पुढचे दोन भाग आम्ही दोघं टोल्डमची वाट पाहत होतो.

शेवटी गंगापूर रोडला इंग्रजीचे क्लासेस घेणारी पुतणी घरी आली, तिने ते वाक्य ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवून हसली. "काका, तो म्हणतोय, 'आय वुड हॅव टोल्ड हिम, बट ही वॉझन्ट गोइंग टू लिसन.' मी त्याला सांगितलं असतं, पण तो ऐकणार नव्हताच."

म्हणजे 'हिम'चा ह गळाला आणि उरलेला 'म' टोल्डला चिकटला. 'बट ही'मधलाही ह गेला, आणि दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या 'ट'चा अमेरिकन तोंडात झाला 'ड'. झाला की नाही बडी!

मी म्हटलं, ही काय बोलायची पद्धत? त्यावर ती म्हणाली, "तुम्ही मला दारात काय विचारलंत? 'जेवलीयस का?' पुस्तकात ते 'जेवली आहेस का' असतं. आणि शालिमारचे रिक्षावाले 'नाशिक रोड' कधी नीट म्हणतात का?" यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. फरक एवढाच, की मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर जोर असतो आणि 'टू, हिम, हॅव' वगैरे मंडळी त्यांच्यामध्ये रिक्षातल्या चौथ्या सीटसारखी कोंबली जातात.

तिने मला गृहपाठ दिला. पूर्ण भाग नाही, फक्त 40 सेकंद. आधी तीनदा नुसतं ऐकायचं आणि कोण कुणावर का चिडलंय एवढंच पकडायचं. मग थांबवत थांबवत वहीत लिहायचं, कळलं नाही तिथे रेघ. सगळं झाल्यावरच सबटायटल्स लावायची, तीही इंग्रजीच, आणि लाल पेनाने तपासायचं.

तपासलं. 96 शब्दांपैकी 41 चुकले होते. त्यांत मला खरोखर नवे किती? तीन! बाकीचे 38 माझ्या ओळखीतलेच होते, फक्त लग्नातल्या नातेवाइकांसारखे वेगळ्या वेषात आलेले. नवे शब्द जास्त निघाले असते तर तो उतारा अवघड समजून सोडायचा होता. ओळखीचेच निसटले, म्हणजे दुखणं कानाचं.

मी लगेच वेग 0.75 केला. त्याने शब्द कुठे संपतो ते जरा दिसलं, पण बोलणाऱ्याने खाल्लेला 'ह' काही परत आला नाही. 'टोल्डम'चा फक्त 'टोऽल्डम्म' झाला. म्हणून हळू वेगात दोनदा, की पुन्हा मूळ वेगात. त्यानंतर त्याच्यासोबत, त्याच्याच वेगाने, तसंच खाऊन मोठ्याने बोलायचं. हे मी गॅलरीत करत होतो. शेजारच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी बायकोला हळूच विचारलं, "भाऊंची तब्येत बरी आहे ना?"

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: तोच तुकडा, सबटायटल्स न लावता. रात्री पाठ झाल्यासारखं वाटतं, पण ते डोळ्यांनी वाचलेलं असतं. सकाळी 41 चे 12 राहिले. त्यांतले काही शेवटपर्यंत सुटले नाहीत, कारण मागे सायरन होता आणि इन्स्पेक्टर तोंडात टूथपिक धरून बोलत होता. शिवाय सबटायटल्सही कधीकधी वाक्य आखडून लिहितात, म्हणजे लाल पेनालाही देव मानायचं नाही.

सर्वांत जास्त छळलं 'कॅन'ने. 'आय कॅन गो' मधला कॅन 'क्न' इतकाच उरतो आणि जोर 'गो'वर जातो. 'कॅन्ट' मात्र अमेरिकन माणूस जोर देऊन म्हणतो आणि शेवटचा 'ट' घशातच ठेवतो. म्हणजे वाक्याच्या मधोमध ठसठशीत 'कॅन' ऐकू आला, तर बहुधा समोरचा नाही म्हणतोय! ('येस, आय कॅन' असं शेवटी आलं तर तो खराच होकार.)

तीन आठवड्यांनी आम्ही नवा भाग लावला. वकील इन्स्पेक्टरला म्हणाला, "आय कॅऽन हेल्प्यू."

"करतोय हो मदत," बायको म्हणाली.

"नाही करत," मी म्हणालो. पुढच्याच मिनिटाला वकील बॅग उचलून चालता झाला. बायकोने शेंगा सोलायच्या थांबवून माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तशी नजर क्वचितच मिळाली होती.

"अहो, मग आता हेही सांगा," ती म्हणाली, "तो टोल्डम शेवटी गेला कुठे?"